टाइमशीटचं ॲड-ऑन, दोन तिमाहींचे हिशेब बंद केल्यावर: शिक्का टिकिटावर नको, तासांवर हवा

Jira वर चढवलेलं हे ॲड-ऑन सांगलीतली वीसेक जणांची टीम वापरतेय. ही टीम कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवते, ते साखर कारखान्यांना विकलं जातं. तास भरणं, मोबाइलवरून नोंद, मंजुरी हे सगळं व्यवस्थित चालतं, त्यावर जास्त लिहीत नाही. खरा प्रश्न एकच आहे: 'नवीन काम की देखभाल' हा शिक्का बसतो कुठे?

स्वस्त प्लॅनमध्ये तो टिकिटावर बसतो. `Work Type` नावाचं फील्ड, त्यात `New` किंवा `Maintenance`, आणि टिकिटाखालचे सगळे तास मुकाट्याने तोच शिक्का घेतात. सुरुवातीला हे फार सोयीचं वाटलं, कारण डेव्हलपरला काही निवडावंच लागत नाही. आता मत साफ बदललं आहे.

हिशेबाला टिकीट कळत नाही, कामाचा टप्पा कळतो. लेखा मानक AS 26 घ्या किंवा Ind AS 38, पर्याय शोधण्याचा खर्च थेट नफा-तोट्यात जातो. बांधणीचा खर्च, अटी पूर्ण झाल्यावर, मालमत्तेत धरता येतो आणि सॉफ्टवेअर वापरायला तयार झालं की ते धरणं थांबतं. प्रशिक्षणाचा खर्च मालमत्तेत कधीच येत नाही. एकच टिकीट मात्र या सगळ्या टप्प्यांतून जातं.

उदाहरण घ्या. वजनकाट्याची पावती शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायची, असं टिकीट. एकूण 40 तास: 6 पर्याय तपासण्यात, 22 बांधणीत, 4 चाचणीत, 3 कारखान्याच्या क्लार्कना शिकवण्यात आणि 5 सुरू झाल्यानंतरच्या दुरुस्तीत. तासाला 600 रुपये धरू. हा दर पगाराच्या खर्चाचा हवा, ग्राहकाला लावायचा नव्हे. टिकिटावर `New` असेल तर 24,000 रुपये मालमत्तेत जातात. बरोबर आकडा बांधणी आणि चाचणीच्या 26 तासांचा, म्हणजे 15,600. एका टिकिटात 8,400 रुपयांनी नफा फुगला. चाचणीत सापडलेला बग बांधणीतच मोडतो, पण तोच बग सुरू झाल्यावर सापडला तर देखभाल. त्यामुळे Bug म्हणजे देखभाल आणि Story म्हणजे नवीन, हा सोपा नियमही चालत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नोव्हेंबरमध्ये कुणी हे फील्ड `Maintenance` केलं, तर ऑक्टोबरचा रिपोर्टही बदलतो. 24,000 चे शून्य होतात आणि कुठे सूचना येत नाही. अकाउंट्सने नोंद आधीच टाकलेली असते, मग ऑडिटरने रिपोर्ट पुन्हा काढायला सांगितला की लेजर एक सांगतं आणि सिस्टीम दुसरंच. अशी टिकिटं शोधणंही कठीण, कारण Jira च्या शोधभाषेतला, म्हणजे JQL मधला, `CHANGED` कस्टम फील्डवर चालत नाही. प्रत्येक टिकिटाचा History उघडून बघावा लागतो. निदान ज्यांचा शिक्काच संशयास्पद आहे ती टिकिटं तरी अशी निघतात:

```
issuetype = Bug AND "Work Type" = "New"
AND worklogDate >= "2025-10-01"
AND worklogDate <= "2025-10-31"
```

यातून टिकिटं मिळतात, तास नाही. म्हणून महिना बंद करताना प्रत्येक नोंदीच्या क्रमांकासकट CSV काढून ठेवा, पुढच्या महिन्यात तोच रिपोर्ट पुन्हा काढा आणि जुळवा. फरक आला की फील्ड कुणीतरी हलवलंय.

सपोर्टचं उत्तर: रचनाच अशी आहे, नोंदीवरचा शिक्का वरच्या प्लॅनमध्ये मिळेल. एका ड्रॉपडाउनसाठी वीस माणसांचे जादा पैसे! चीड आली, पण घेतल्यावर कबूल करावं लागतं की फरक मोठा आहे. आता प्रत्येक नोंदीला शोध, बांधणी, प्रशिक्षण, देखभाल यांतलं एक निवडावं लागतं. चाचणी बांधणीत धरली आहे. डेव्हलपर फक्त काय केलं ते सांगतो, भांडवली की महसुली हे अकाउंट्स ठरवतं. मंजूर महिना कुलूपबंद होतो. दोन ताऱ्यांचे चार केले. पाचवा नाही, कारण ही गोष्ट मूळ प्लॅनमध्येच हवी होती.

एक मर्यादा मात्र कुठल्याच प्लॅनमध्ये सुटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा कोडमध्ये केलेलं काम कुणालाही नवीनच वाटेल. पण त्यातून नवी सोय आली नाही, बिलिंग जसं चालत होतं तसं चालू राहिलं. ती देखभाल. अशा टिकिटांवर अकाउंट्स आणि टीम लीडने महिनाअखेरीस एकत्र बसायलाच हवं.

घेणार असाल तर डेमोत एवढंच करायला सांगा: जुन्या टिकिटाचा शिक्का बदला आणि मागच्या महिन्याचा रिपोर्ट पुन्हा काढा. आकडा हलला, तर तो प्लॅन घेऊ नका.