जागेवर भाव की कंपनी-पोच? चिप्सचा बटाटा नियमित द्यायचा असेल तर आधी हे ठरवा

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा खरीप बटाटा आता सप्टेंबर-ऑक्टोबरात निघेल, आणि आपल्या भागातल्या दोन-तीन नव्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी मला एकच गोष्ट विचारली की चिप्सवाल्या कंपनीला प्रपोजल देतोय, तर भाव जागेवर मागू की पोच मागू. मी आमच्या गटाचं ग्रेडिंग आणि लोडिंग बघतो, दोन्ही प्रकारे माल दिलाय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे तुमच्या बैठकीत वाचून दाखवता येईल.

आधी फरक नीट समजून घ्या. जागेवर म्हणजे कंपनीचा माणूस आपल्या शेडवर येतो, सॅम्पल काढतो, माल पास करतो, आपल्या गावच्या काट्यावर वजन होतं आणि गाडी त्यांची. पोच म्हणजे गाडी आपण भरायची, भाडं आपलं, कंपनीच्या गेटवर त्यांचा काटा, त्यांचं सॅम्पल, आणि पास-नापास तिथेच. पोच भाव किलोमागे दीड-दोन रुपयांनी जास्त दिसतो आणि बैठकीत सगळ्यांचं बोट त्या आकड्यावर जातं, पण तो फरक फक्त भाड्याचा नाहीये, त्यात नापास होण्याची जोखीम विकलेली असते आणि ती आपण घेतलेली असते.

एक हिशोब मांडतो, भाव समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमचे टाका. 15 टनाची गाडी. जागेवर भाव 16.50 रुपये. माती आणि खराब मालाची 2 टक्के कपात धरली तर 14,700 किलोचे पैसे, म्हणजे 2,42,550 रुपये, गाडीभाडं शून्य. आता पोच 18.50 रुपये. वाटेत 1 टक्का घट जाते, खरीपाचा ओलसर माल असेल तर जाणारच, राहिले 14,850 किलो. गेटवर कपात साधारण जास्त लागते, कारण हलून-आदळून माल खाली उतरतो, ती 4 टक्के धरू, राहिले 14,256 किलो, त्याचे 2,63,736 रुपये. त्यातून भाडं 15,000 आणि उतराई 3,000 वजा केली की 2,45,736. म्हणजे दोन रुपये जास्त दिसत होते आणि हातात एका गाडीमागे फरक पडला 3,186 रुपयांचा.

आता एक गाडी नापास झाली असं धरा. तोच माल जवळच्या बाजार समितीत 11 रुपयांनी गेला तर 1,63,350, त्यातून आधीचं भाडं 15,000, गाडी खोळंबल्याचे आणि पुन्हा हमाली-भाड्याचे मिळून 8,000 गेले की उरतात 1,40,350. जागेवर मिळाले असते त्यापेक्षा 1,02,200 कमी. म्हणजे एका नापास गाडीने 32 गाड्यांचा जास्तीचा फायदा पुसला. आणि नव्या गटाच्या हंगामात 32 गाड्या होतच नाहीत! 60 एकर धरा, एकरी 7 टन, एकूण 420 टन, त्यातला 45 मिलिमीटरच्या वरचा आणि डाग-तडा नसलेला 65 टक्के निघाला तर 273 टन, आणि त्यातले 200 टनच प्रपोजलमध्ये लिहावेत असं माझं ठाम मत आहे, बाकी पावसाची आणि सभासदांनी बाहेर विकण्याची जागा. 200 टन म्हणजे 13 गाड्या. सगळ्या 13 पास झाल्या तरी पोचचा एकूण फायदा 41 हजारांच्या आसपास, आणि एक परत आली की लाखाचा खड्डा.

नापास कशाने होते ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पहिल्या वर्षी एक गाडी सप्टेंबरच्या पावसात भरली, बाजार वाढत होता म्हणून एका सभासदाने पाला न कापताच काढणी केली होती. गोण्या उघडल्या तर साल अंगठ्याने निघत होती, म्हणजे माल पक्व नव्हता. बाहेरून गोळा छान, मोठा, डाग नाही, आम्ही खुशीत पाठवला. गेटवर त्यांनी दहा-बारा बटाटे कापून जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढल्या, तेलात सोडल्या, आणि तीन मिनिटांच्या आत त्या कडेने तपकिरी व्हायला लागल्या, मधे मधे तर पूर्ण करपल्यासारख्या. कोवळ्या बटाट्यात साखर शिल्लक असते आणि तळताना तीच काळवंडते, डोळ्याने बघून ते कळत नाही. वर त्याच गाडीत दुसऱ्या शेतावरचा हिरवट माल निघाला, काढून दोन दिवस उन्हात उघडा पडलेला, अरण लावून वर पाला टाकायला पाहिजे होता तो टाकलाच नव्हता. गाडी परत आली. त्या संध्याकाळी सात घरांचा माल एका गाडीत होता आणि नुकसान कोणाच्या नावावर टाकायचं यावरून जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. हीच गाडी जागेवर तपासली असती तर दोन घरांच्या गोण्या बाजूला पडल्या असत्या आणि बाकी पाच घरांचा माल गेला असता, आणि माझ्या दृष्टीने जागेवरचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

म्हणून पर्याय कुठलाही घ्या, दोन टेस्ट शेडवर स्वतः करा. एक तळून बघायची, वर सांगितलं तसं, प्रत्येक शेताच्या वेगळ्या सॅम्पलची, पाला कापून दहा-पंधरा दिवस झाल्यावर. दुसरी पाण्यातल्या वजनाची. बटाटे धुवून बरोबर 5 किलो मोजायचे, जाळीच्या पिशवीत घालून काट्याला लटकवायचे आणि पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवून वजन बघायचं, पिशवीचं पाण्यातलं वजन वजा करून. 370 ग्रॅम किंवा जास्त आलं तर विशिष्ट गुरुत्व साधारण 1.080 किंवा त्याच्या पुढे, म्हणजे सुका भाग साधारण 20 टक्के, चिप्सवाल्यांना एवढा तरी हवाच असतो. 330-340 आलं तर त्या बटाट्यात पाणी जास्त, तेल जास्त पितो, तो कंपनीला पाठवूच नका, खाण्याच्या बाजारात द्या. या टेस्टला लॅब लागत नाही, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा लटकता काटा आणि एक टाकी लागते.

आता भावाचं. काही कंपन्या लागवडीआधी पक्का भाव देतात, काही बाजाराशी जोडलेला, म्हणजे मंचरच्या बाजार समितीच्या आठवड्याच्या सरासरीवर अमुक जास्त आणि खाली तळाचा भाव ठरलेला. यात एक गोष्ट लोक जोडून बघत नाहीत. पक्का भाव आणि पोच एकत्र घेतलं तर बाजार पडल्यावर गेटवर कपात वाढते असा आमचा अनुभव आहे, तोच माल, तेच शेत, पण त्यांना बाहेर 10 ने मिळायला लागलं की आपल्या 18.50 च्या मालात माती जास्त दिसायला लागते. तिकडे बाजार वर गेला की आपले सभासद फोन उचलत नाहीत, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे पोच घ्यायचंच असेल तर भाव बाजाराशी जोडलेला घ्या, दोन्ही बाजूंची पळवाट कमी होते. पक्का भाव घेणार असाल तर पास-नापास जागेवरच ठेवा.

जागेवरच्या पर्यायात सगळं गोड आहे असं नाही. सगळ्यात जास्त त्रास गाडी वेळेवर न येण्याचा. माल ग्रेडिंग होऊन गोण्यांत भरलेला, बाहेर पाऊस, आणि तिकडून उद्या, उद्या. बंद गोणीत ओला बटाटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाम धरतो, एक कुजला की बाजूचे चार जातात. म्हणून प्रपोजलमध्येच लिहा की माल तयार असल्याचा मेसेज दिल्यापासून 48 तासांत उचल झाली नाही तर नंतरची घट आणि फेरछाटणीची मजुरी कंपनीची. आणि दुसरं, याच्याशिवाय जागेवरचा भाव घेऊच नका: शेडवर पास झाल्याच्या पावतीवर त्यांच्या माणसाची सही, आणि त्यानंतर कारखान्यात दुसरी कपात नाही. ही ओळ नसली तर जागेवरचा कमी भाव आणि पोचची जोखीम दोन्ही आपल्याच गळ्यात पडतात, आमच्या शेजारच्या गटाचं तसंच झालं, पट्टी आली तेव्हा कळलं की तिकडे परत मोजलं गेलं होतं.

बियाणं कंपनीचं असेल तर अजून एक विचारून घ्या, नापास मालाचं काय. काही करारात तो बाहेर विकायची मुभा असते, काहीत नसते. एफसी-5 वाणावरून 2019 मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांवर पेप्सिकोने दावे लावले होते, नंतर ते मागे घेतले, पण तोपर्यंत शेतकऱ्यांना किती ताण झाला असेल विचार करा. लहान आकाराचा आणि नापास माल आम्ही कुठेही विकू, एवढं एक वाक्य करारात टाकायला काही खर्च येत नाही.

मग पोच कधी घ्यायचं? माझ्या मते तीन गोष्टी जमल्या तर. कारखाना इतका जवळ असेल की सकाळी भरलेली गाडी दुपारी गेटवर लागते, माल रब्बीचा कोरडा असेल, आणि तुमच्याकडे निदान एका हंगामाचं रजिस्टर असेल ज्यात प्रत्येक गाडीची आपली कपात आणि त्यांची कपात शेजारी शेजारी लिहिलीये. दोन्हीत एक टक्क्याच्या आत फरक राहत असेल तर वरच्या हिशोबात पोचची कपात 4 ऐवजी 3 धरा, गाडीमागे फायदा 3,186 वरून 5,933 होतो, आणि एक गाडी परत आली तरी 17-18 गाड्यांत भरून निघते. रजिस्टर नसेल तर हा आकडा नुसता अंदाज आहे, त्यावर 200 टन लावू नका.

पहिल्या खरीपाला मी असं करेन: 13 पैकी 11 गाड्या जागेवर, आठवड्याला दोन, आणि शेवटच्या दोन, ऑक्टोबर अखेरच्या, पाऊस थांबल्यावरच्या, पोच. त्या दोन गाड्यांबरोबर आपला एक पोरगा पाठवायचा, तो गेटवर सॅम्पल काढताना उभा राहील, किती गोण्या फोडल्या, गाडीच्या वरच्या थरातल्या की खालच्या, चकत्या कशा निघाल्या, सगळं लिहून आणेल, फोटोसकट. रब्बीच्या प्रपोजलला तो कागद जोडायचा.