मोटर १८ तारखेला घ्यावी की १९ तारखेला? क्रेडिट कार्डाच्या बिलाचा हिशोब

निपाणी-चिकोडी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत बोअरची मोटर बदलणारे बरेच असतात. उन्हाळा तोंडावर असतो, ऊस कारखान्याला गेलेला असतो आणि हप्ता अजून खात्यावर पडायचा असतो. अशा वेळी दुकानदार मशीन पुढे करतो आणि म्हणतो, "काका, कार्ड आहे ना? आज नको, उद्या स्वाइप करा, पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतील." त्याचं बोलणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. दुसऱ्या अर्ध्याचा हिशोब मांडला की एका दिवसाच्या फरकाचा खरा अर्थ कळतो.

कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल बनण्याची, म्हणजे स्टेटमेंट डेट, आणि दुसरी पैसे भरण्याची शेवटची, म्हणजे ड्यू डेट. समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला बनतं आणि त्यानंतर वीस दिवसांची मुदत मिळते. बिलाच्या दिवसापर्यंत कार्डावर चढलेला खर्च त्या बिलात येतो. दुसऱ्या दिवशीचा खर्च थेट पुढच्या महिन्याच्या बिलात जातो. दुकानदार ज्या पन्नास दिवसांबद्दल सांगतो ते यातूनच येतात: तीस दिवसांचं चक्र आणि वर वीस दिवसांची मुदत. हे पन्नास दिवस सगळ्या खरेदीला मिळत नाहीत. ते फक्त बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या वस्तूला मिळतात. चक्राच्या मधोमध घेतलेल्या वस्तूला पस्तीसेक दिवस मिळतात आणि अगदी शेवटच्या दिवशी घेतलेलीला वीसच.

आता तीस हजारांची मोटर धरू. एकाने ती १८ डिसेंबरला घेतली, दुसऱ्याने १९ ला. दोघांचं आधीचं बिल पूर्ण भरलेलं आहे, मागची बाकी काही नाही. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. बऱ्याच कार्डांवर याच्या आसपासच असतो. हा दर पीककर्जाच्या सवयीच्या माणसाला अंगावर येईल इतका मोठा आहे, म्हणून पुढचे आकडे जरा सावकाश वाचा.

| | १८ डिसेंबरला घेतली | १९ डिसेंबरला घेतली |
|---|---|---|
| कुठल्या बिलात आली | १८ डिसेंबर | १८ जानेवारी |
| भरण्याची शेवटची तारीख | ७ जानेवारी | ७ फेब्रुवारी |
| बिनव्याजी दिवस | २० | ५० |
| वेळेत पूर्ण भरलं तर व्याज | शून्य | शून्य |
| पाच दिवस उशिरा पूर्ण भरलं तर व्याज | २५ दिवसांचं, सुमारे ८६३ रुपये | ५५ दिवसांचं, सुमारे १,८९९ रुपये |

वरच्या चार ओळी पाहिल्या तर १९ तारीख सरळ जिंकते. शेवटची ओळ मात्र उलटी आहे. मुदत चुकली की बँक ड्यू डेटपासून व्याज मोजत नाही, खरेदीच्या तारखेपासून मोजते. ७ फेब्रुवारीपर्यंत जे पन्नास दिवस फुकट वाटत होते, ते ८ तारखेला व्याजाच्या दिवसांत जमा होतात. तीस हजारांवर दिवसाला साडेचौतीस रुपये या हिशोबाने १९ डिसेंबर ते १२ फेब्रुवारी असे पंचावन्न दिवस धरले जातात. वर व्याजावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे १९ तारखेवाल्याला सुमारे २,२४० रुपये लागतात, तर १८ तारखेवाल्याला तेवढ्याच उशिराबद्दल सुमारे १,०१८. दोघेही पाचच दिवस चुकले, तरी ज्याने जास्त मुदतीची तारीख साधली त्याला दुपटीहून जास्त बसलं.

दोघांना लेट फी वेगळी. ती बिलाच्या रकमेच्या टप्प्यानुसार ठरते आणि एवढ्या बिलाला बऱ्याच बँकांत हजाराच्या पुढे असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि थकबाकीदार म्हणून क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदही करता येत नाही. हे तीन दिवस बऱ्याच जणांना ठाऊक असतात आणि तिथेच गफलत होते. सूट लेट फीला आहे, व्याजाला नाही. ९ फेब्रुवारीला पैसे भरले तर लेट फी वाचेल, पण १९ डिसेंबरपासूनचं व्याज पुढच्या बिलात दिसेलच.

थोडे पैसे भरले तर? समजा वीस हजार वेळेत भरले आणि दहा हजार राहिले. राहिलेल्या रकमेवरही व्याज खरेदीच्या दिवसापासूनच चढतं. नुसता मिनिमम अमाउंट ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, भरला तर लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, एवढाच त्याचा उपयोग. व्याज थांबवायला टोटल अमाउंट ड्यू, म्हणजे पूर्ण बिलाचा आकडाच भरावा लागतो. ॲपमध्ये हे दोन्ही आकडे जवळजवळ असतात, आणि ऑटोपे लावताना घाईत मिनिमम निवडला जाणं फार सोपं आहे. कार्ड आधीपासून ऑटोपेवर असेल तर आजच उघडून बघा, तिथे टोटल आहे का.

यापेक्षा जास्त चटका देणारी गोष्ट पुढच्या खरेदीची आहे. मागच्या बिलाची बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत बंद पडते. वरच्या उदाहरणात १९ तारखेवाल्याने मोटरचं बिल भरायचं असतानाच २५ जानेवारीला त्याच कार्डावर चार हजारांचं खत उचललं असेल, तर एरवी त्यावर मार्चपर्यंत काही लागलं नसतं. ७ फेब्रुवारीची तारीख हुकल्यामुळे त्या खतावर २५ जानेवारीपासूनच व्याज सुरू होतं. १८ फेब्रुवारीच्या बिलापर्यंत चोवीस दिवसांचे सुमारे ११० रुपये. रक्कम लहान आहे, पण किराणा, पेट्रोल, मुलांची फी सगळं त्याच कार्डावर असेल तर खरेदीची तारीख निवडण्याला काही अर्थ उरत नाही. चक्राच्या पहिल्या दिवशी घ्या की शेवटच्या दिवशी, पहिल्या दिवसापासून व्याज. "मागची बाकी शून्य आहे का?" हा प्रश्न तारखेच्या आधी विचारायचा तो यासाठी.

हे झालंय का ते ओळखायला बिलात फायनान्स चार्जेस किंवा इंटरेस्ट अशी ओळ शोधा. पूर्ण पैसे भरल्यावरही पुढच्या बिलात ती ओळ एकदा येऊ शकते, कारण बिल बनल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज तेव्हा अजून मोजायचं राहिलेलं असतं. ते बिलही पूर्ण भरा. दोन-चारशे रुपयेच आहेत म्हणून ते सोडलं तर पुन्हा बाकी राहिली आणि मुदत पुन्हा गेली.

मग कोणी काय निवडावं? येळ्ळूरहून उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला जाणाऱ्याचा पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत हमखास जमा होत असेल, तर त्याने बेलाशक बिलाच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी. मधे दोन पगार येतात, पन्नास दिवस खरोखर फुकट मिळतात. फक्त ड्यू डेट आणि पगार एकाच दिवशी येऊ देऊ नका. पगार सुट्टीमुळे एक दिवस पुढे गेला की पंचावन्न दिवसांसारखा हिशोब डोक्यावर येतो.

ऊसवाल्याचं तसं नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण हप्ता खात्यावर नेमका कधी पडेल हे आपल्या भागात कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. येणाऱ्या ऊसबिलाच्या भरवशावर १९ तारखेची मोटर घेणं म्हणजे सगळ्यात महाग पडू शकणारी तारीख निवडणं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे आत्ताच बचत खात्यावर असतील तर १९ तारीख घ्या आणि ते पैसे वेगळे ठेवा. पैसे यायचे असतील तर कार्ड बाजूला ठेवा आणि सोसायटीत किंवा बँकेत मोटरीसाठी मुदतीचं कर्ज मिळतंय का ते विचारा. तिथला दर बेचाळीसच्या जवळपासही नसतो. आणि निकड असली तरी कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. रोख रकमेला बिनव्याजी दिवसच नसतात, काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

१८ तारखेच्या संध्याकाळी स्वाइप केलेलं कधी कधी बँकेकडे एक-दोन दिवसांनी नोंद होतं आणि पुढच्या बिलात जातं. उलट दिशेला मात्र तारीख सरकत नाही. त्यामुळे "आज घेतलं तरी उद्याच धरतील" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. नवं बिल बनल्याचा एसएमएस आल्यानंतर ॲपमध्ये बघा. खरेदी अनबिल्ड, म्हणजे अजून बिलात न आलेल्या खर्चाच्या यादीत दिसत असेल तर ती पुढच्या चक्रात गेली. बिलातच दिसत असेल तर मुदत वीस दिवसांची. दुकानदार कार्डाला दोन टक्के जास्त मागत असेल तर तेही जोडा: तीस हजारांवर सहाशे रुपये, म्हणजे फुकटचे पन्नास दिवस फुकट राहिले नाहीत.

आणि तारखाच गैरसोयीच्या असतील तर त्या बदलून मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डधारकाला बिलाचं चक्र किमान एकदा बदलण्याचा हक्क आहे. ॲपमधून, कस्टमर केअरला फोन करून किंवा ईमेलने अर्ज देता येतो. ज्याचा पगार सात तारखेला येतो त्याने स्टेटमेंट डेट २२ च्या सुमारास मागावी, म्हणजे ड्यू डेट अकरा-बाराच्या आसपास पडते. बदलाच्या महिन्यात एक बिल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठं येतं आणि त्याची शेवटची तारीखही सवयीची नसते. ती तारीख त्या महिन्यात बिलावर वाचूनच भरा.