प्लेलिस्ट परत आणून देतो म्हणाला आणि बाबांचे 24,827 रुपये गेले

हे लिहायला मला तीन आठवडे लागले कारण बाबा म्हणत होते की राहू दे, कुणाला सांगू नको. पण परवा तेच म्हणाले की लिही, दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल. नावं-गावं टाकत नाही, बाकी झालं तसं सगळं सांगते.

बाबा सांगलीला एकटे असतात, मी पुण्यात. आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचकटायला लागलं म्हणून दुकानात एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घेतला. दुकानातल्या पोराने कॉन्टॅक्ट, फोटो, व्हॉट्सअॅप सगळं नवीनवर आणून दिलं आणि जुना फोन तिथल्या तिथे रीसेट करून ठेवून घेतला. त्यात त्याची काही चूक नाही, तसंच करतात.

घरी येऊन बाबांनी स्पॉटिफाय उघडलं, गुगलचं बटण दाबून आत गेले आणि बघतात तर सगळं रिकामं. "आईचं सकाळचं" नावाची प्लेलिस्ट होती, 214 गाणी, अभंग, भावगीतं, नाट्यगीतं, आईला आवडायची ती एकेक करून दोघांनी मिळून जमवलेली. ती नाही, डाउनलोड नाहीत, काहीच नाही. आणि त्याच प्लेलिस्टच्या शेवटी आईच्याच आवाजातलं एक रेकॉर्डिंग होतं, दिवाळीत स्वयंपाकघरात ओव्या म्हणत होती ते बाबांनी गुपचूप टेप केलेलं, साडेचार मिनिटांचं. फोनमधल्या ऑडिओ फाइल पण त्या अॅपमध्ये दिसतात ना, तसं ते तिथे लावून ठेवलं होतं. बाबांना खरं तर तेच पाहिजे होतं.

तीन दिवस ते स्वतःच खटपट करत राहिले, मला त्रास नको म्हणून फोन केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सर्चमध्ये अॅपचं नाव टाकून पुढे कस्टमर केअर नंबर असं लिहिलं. वर एक पान आलं, हिरवा लोगो, चोवीस तास हेल्पलाइन, आणि खाली दहा आकडी साधा मोबाइल नंबर. इथेच सांगते, स्पॉटिफायला आपण फोन करावा असा नंबरच नाहीये, मदत चॅटवर किंवा मेसेजवर मिळते. त्यामुळे त्या नावाने जो नंबर दिसेल तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. हे मला पण तेव्हा माहीत नव्हतं.

पलीकडचा माणूस अगदी नम्र. "सर आप बिलकुल चिंता मत करो, सब वापस आ जाएगा." बाबांनी त्याला रेकॉर्डिंगचं पण सांगितलं, माझ्या बायकोचा आवाज आहे म्हणून. त्यावर तो म्हणाला की सर ते पण येईल, त्याला डीप रिस्टोअर म्हणतात. मला राग येतो तो या वाक्याचा. पैशापेक्षा जास्त.

आधी स्क्रीन शेअर करायचं एक अॅप टाकायला लावलं, त्यावर आलेला नंबर विचारून घेतला. मग म्हणाला रजिस्ट्रेशनचे फक्त 10 रुपये यूपीआयने पाठवा, व्हॉट्सअॅपवर एक आयडी दिला. बाबांनी पाठवले, गेले, त्याने लगेच मिळाले सर म्हटलं, विश्वास बसला. त्यानंतर खरा डाव. म्हणाला आता तुमचा रिस्टोअर कोड देतो, लिहून घ्या, दोन चार आठ एक सात. तेच नाव परत उघडा, पे दाबा आणि जो रिकामा चौकोन येतो त्यात कोड टाका. म्हणजे रकमेच्या जागी! बाबांनी कोड म्हणूनच पाच आकडे टाकले, पुढे पिन विचारला, पिन टाकला. पिनच्या पानावर वरती 24,817 रुपये आणि कुणाला जातायत ते नाव असं दोन्ही येतं, पण कानात तो सारखा बोलत होता, जल्दी सर, टाइम आउट हो जाएगा, आणि बाबांचं लक्ष कीपॅडवर. बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं. तो म्हणाला कोड चुकला सर, पैसे दहा मिनिटांत परत येतील, परत एकदा टाका. बाबांनी तिथे फोन कट केला, बरं झालं.

हे झालं साधारण पावणेबाराला. मला फोन आला तीन वाजता, तो पण जेवलीस का पासून सुरू. सव्वातीन तास गेले होते. मी 1930 ला लावला, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, चौथ्या वेळी लागला. ते व्यवहाराचा 12 आकडी नंबर, बँक, रक्कम, वेळ एवढं विचारतात, म्हणून हे आधी कागदावर लिहून घ्या, मी ते फोनवर शोधत बसले त्यात वेळ गेला. मग cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण केली, त्यांच्या बँकेला कळवून यूपीआय बंद केलं, बाबांकडून ते स्क्रीनवालं अॅप काढून घेतलं आणि त्यांच्या मेलचा पासवर्ड मी माझ्या लॅपटॉपवरून बदलला. तोपर्यंत समोरच्या खात्यातून बरेचसे पैसे पुढे सरकवले होते, 6,300 रुपये तिथे थांबवता आले, ते अजून आमच्याकडे आलेले नाहीत. बँकेचं म्हणणं की पिन तुम्हीच टाकलाय. आणि नियम तसाच आहे, खातेदाराच्या हातून पिन वगैरे गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच धरतात, कळवल्यानंतर पुढे काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून एकेक मिनिटाला किंमत आहे.

आता जे त्या माणसाने पैसे घेऊन करतो म्हटलं ते मी शनिवारी सांगलीला जाऊन कसं केलं ते सांगते, कारण हे माहीत असतं तर बाबांनी फोनच केला नसता.

प्लेलिस्ट कुठे गेलीच नव्हती. ती फोनमध्ये नसते, तुमच्या अकाउंटला असते. बाबांचं जुनं अकाउंट मी पाच वर्षांपूर्वी त्यांच्या फेसबुकवरून उघडून दिलं होतं, आणि नवीन फोनवर त्यांनी गुगलचं बटण दाबलं. दोन्हीकडचा मेल वेगळा होता, त्यामुळे अॅपने मुकाट्याने दुसरं कोरं अकाउंट बनवलं. हे ओळखायची खूण अशी की आत गेल्या गेल्या तुम्हाला आवडणारे गायक निवडा असं विचारलं तर समजायचं की हे नवीन अकाउंट आहे, जुन्याला असं विचारत नाही. दुसरी खूण, तुम्ही प्रीमियमचे पैसे भरताय आणि तरी गाण्यांच्या मधे जाहिराती लागतायत. बाबांना या दोन्ही खुणा दिसल्या होत्या, त्यांनी त्या माणसाला सांगितल्या पण होत्या, म्हणजे त्याला कळलं असणारच. मी लॉग आउट केलं, फेसबुकवरून आत गेले आणि 214 गाणी समोर. दोन मिनिटं लागली असतील. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत बसले. आपलं अकाउंट कुठल्या मेलवर आहे आठवत नसेल तर सगळ्या मेलमध्ये प्रीमियमची पावती शोधा, ज्या मेलमध्ये सापडेल तोच. आणि प्लेलिस्ट चुकून डिलीटच झाली असेल तर ब्राउझरमध्ये spotify.com/account ला जाऊन Recover playlists असं आहे, 90 दिवसांच्या आत परत मिळते, फुकट.

डाउनलोडचं मात्र वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. डाउनलोड केलेली गाणी साध्या एमपीथ्री फाइल नसतात, त्या फोनपुरत्या कुलूपबंद असतात, एका फोनमधून दुसऱ्यात जात नाहीत, कुठल्या बॅकअपमध्ये पण येत नाहीत. त्यामुळे डाउनलोड रिस्टोअर करून देतो असं जो म्हणेल तो खोटंच बोलतोय, असं काही कामच अस्तित्वात नाही. प्लेलिस्ट उघडायची, खाली बाण असलेलं बटण दाबायचं, परत उतरतात. बाबांची गाणी सरासरी सहा मिनिटांची धरली तर High क्वालिटीला एक साधारण सात एमबी, म्हणजे सगळी मिळून दीड जीबी, Very high ठेवलं तर दुप्पट. मोबाइल डेटावर डाउनलोड आपोआप बंदच असतं आणि हे सेटिंग त्या त्या फोनचं असतं, त्यामुळे नवीन फोनवर बाण दाबूनही काही होत नाही असं वाटलं तर आधी वायफाय लावून बघा. आणि 30 दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं, नाहीतर ती उडतात, गावाकडे नेट नसलेल्या घरी हे हमखास होतं.

राहिलं आईचं रेकॉर्डिंग. प्लेलिस्टमध्ये त्याचं नाव दिसत होतं, राखाडी, दाबलं तरी वाजत नव्हतं. कारण ती फाइल फक्त जुन्या फोनमध्ये होती. आताच्या फोनमधला सगळा डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो आणि रीसेट करताना त्याची किल्लीच पुसली जाते, त्यामुळे तो फोन परत आणला असता तरी त्यातून काही निघालं नसतं. डीप रिस्टोअर वगैरे काही नसतं. जुना फोन देण्याआधी डाउनलोड, रेकॉर्डिंग, म्युझिक हे फोल्डर उघडून बघायला दुकानातलं कुणी सांगत नाही, आणि कॉन्टॅक्ट-फोटो आले की आपल्याला वाटतं सगळं आलं. जुना फोन निदान महिनाभर रीसेट न करता घरी ठेवता आला तर ठेवा, एक्स्चेंजचे हजार-दीड हजार कमी मिळाले तरी चालतील. फक्त आमच्यासारखी बॅटरी फुगली असेल तर तो घरात ठेवू नका, त्याच दिवशी फाइल काढून घ्या.

रविवारी दुपारी मी मावशीला सहज फोन केला, आईने ते तुला कधी पाठवलं होतं का. मावशी म्हणाली थांब, आणि वीस मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर ते आलं. तिच्या फोनमध्ये अजून होतं, तिने कधी काही डिलीटच केलेलं नाही. आधी माझ्या लॅपटॉपवर घेतलं, ड्राइव्हवर टाकलं, एका पेनड्राइव्हवर घेतलं, मगच बाबांच्या फोनवर लावलं. मागे कुकरची शिट्टी पण ऐकू येते त्यात.