शॉपवरून सुपरवायझर झालेल्यांचं ट्रेनिंग पॅकेज: वापरानंतर, रिन्यूअलच्या आधी

ऑपरेटरवरून लाइन सुपरवायझर झालेल्या आम्हा सगळ्यांना कंपनीने हे पॅकेज घेऊन दिलं. त्यात अ‍ॅपवरचे व्हिडिओ आहेत आणि टीडब्ल्यूआयचा, म्हणजे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री या पद्धतीचा, दहा तासांचा जॉब इन्स्ट्रक्शन वर्ग, दुसऱ्याला काम कसं शिकवायचं ते शिकवणारा. परवा रिन्यूअलचं कोटेशन आलं. कोऱ्या फॉर्मचेसुद्धा माणशी पैसे लावलेत, म्हणून लिहितोय.

व्हिडिओ सोडून द्या. काल ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याला आज काम कसं शिकवायचं, हे त्यात कुठेच नाही.

ते वर्गात आहे. दोन-दोन तासांची पाच सत्रं. रोज लाइन सोडून जायचं म्हणजे प्रॉडक्शनचं नुकसान, एका दिवसात उरका, असं मी सुरुवातीला म्हणत होतो. आता माझं मत उलट आहे. प्रत्येकाला आपल्या लाइनवरचा जॉब सगळ्यांसमोर शिकवून दाखवावा लागतो आणि त्याची तयारी दोन सत्रांच्या मधेच होते.

तयारी म्हणजे जॉब ब्रेकडाउन शीट. मी सीएनसी लेथवर फ्लँज लावण्याचं काम घेतलं. टप्पे तीनच: चकचे जॉ आणि स्टॉपर साफ करणे, फ्लँज स्टॉपरला टेकवणे, क्लॅम्प करणे. प्रत्येक टप्प्यासमोर कळीचे मुद्दे लिहायचे, म्हणजे ज्याने जॉब जमतो किंवा बिघडतो, माणसाला लागतं, किंवा काम सोपं होतं अशाच गोष्टी. माझे मुद्दे: स्टॉपरवर चिप राहू द्यायची नाही, फ्लँज तळहाताने दाबून धरायचा, बोटं जॉपासून लांब.

खोट इथेच आहे. शीटला टप्पे आणि मुद्दे असे दोनच रकाने आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेला मूळ फॉर्म तसाच होता. 'कारण' हा तिसरा रकाना नंतर आला. पॅकेजवाल्यांनी जुनाच छापलाय. आमच्याकडच्या नव्या हेल्परला मुद्दे तोंडपाठ होते. पण घाईच्या पाळीत त्याने स्टॉपर पुसायचं सोडलं, फ्लँज तिरके बसत गेले आणि फेस रनआउटमध्ये, म्हणजे फेस फिरताना डुलतो म्हणून, तपासणीत लॉट अडकला. मशीनवर काही दिसत नाही, मोजायचा डायल लावल्यावरच कळतं. का पुसायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पेनाने तिसरा रकाना आखला. आता हेल्पर काम करत असताना टप्पा, मुद्दा आणि कारण मी त्याच्याच तोंडून वदवून घेतो. चुकला की तिथेच थांबवतो. कारण न अडखळता सांगेपर्यंत त्याला एकट्याला मशीन देत नाही. त्यानंतर चिपमुळे लॉट अडकलेला नाही.

मूळ मॅन्युअल अमेरिकी सरकारचं प्रकाशन आहे, नेटवर फुकट मिळतं. एचआरला लेखी दिलंय: वर्गाचे पैसे द्या, कारण आपण शिकवताना चूक पकडणारा अनुभवी माणूस समोर लागतो. अ‍ॅप बंद करा. फॉर्म आपल्याच झेरॉक्सवर काढू, तीन रकान्यांचा.