रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी : आठ महिने वापरल्यावर

वय ४२, राहणार पुणे. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे. तक्रारी दोनच होत्या. आठ तास झोपूनही चेहरा शिळा दिसायचा आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा हसू ओसरलं तरी जात नव्हत्या.

नोव्हेंबरात फक्त व्हिटॅमिन सी सुरू केलं, १० टक्क्यांचं, सकाळी. तोंड धुऊन, नीट टिपून तीन-चार थेंब, वर मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रेटिनॉल मुद्दाम महिनाभर मागे ठेवलं. दोन्ही एकदम लावलं असतं आणि चेहरा चुरचुरला असता, तर दोष कुणाचा ते कळलंच नसतं. चेहऱ्यावरची मरगळ साधारण सातव्या आठवड्यात कमी वाटली. मात्र त्याच काळात मी आयुष्यात पहिल्यांदाच रोज दोन बोटं भरून सनस्क्रीन लावत होते, त्यामुळे सगळं श्रेय त्या बाटलीला देणार नाही.

डिसेंबरात ०.३ टक्के रेटिनॉल आणलं. आठवड्यातून दोन रात्री, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, आणि तिथेच माझा घात झाला. जानेवारीच्या सुरुवातीला पुतण्याचं लग्न होतं. म्हटलं, रोज लावलं तर तोवर चेहरा उजळेल. सहाव्या रात्री नाकपुड्यांच्या कडा आणि हनुवटी सोलायला लागली, साधं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं. तरीही हळदीच्या दोन दिवस आधी पार्लरमध्ये जाऊन वरच्या ओठावर थ्रेडिंग करून आले. दोऱ्याबरोबर केसच नाही, कातडीही निघाली. लग्नाच्या फोटोंत ओठाच्या कडेला खपली आहे.

खपली चार दिवसांत गेली, पण मागे तपकिरी डाग राहिला. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत जळजळीची खूण अशीच उरते. म्हणजे चेहरा सुधारायला आणलेल्या क्रीमनेच डाग दिला. स्किनच्या डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं. सौम्य फेसवॉश, साधं क्रीम आणि सनस्क्रीन, एवढंच तीन आठवडे. डाग पूर्ण फिका व्हायला एप्रिल उजाडला.

पुन्हा सुरुवात केली ती जानेवारीच्या शेवटी, दर तिसऱ्या रात्री. तोंड धुतल्यावर वीसेक मिनिटं थांबायचं, कारण ओलसर त्वचेवर मला ते जास्त झोंबतं. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि पापण्यांवर आधी व्हॅसलिनचं बोट फिरवते. थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर रेटिनॉल बंद. बेसन-लिंबाचा रविवारचा लेपही सोडला. आईला ते अजून पटलेलं नाही.

किंचित कोरडेपणा आणि हनुवटीवर थोडी सालं ही पहिल्या महिन्यात चालतात. पण पाणी लागलं तरी झोंबणं, लालसरपणा सकाळपर्यंत टिकणं किंवा चेहरा कोरडा असूनही चकाकणं, यातलं काही दिसलं की मी त्या आठवड्यात रेटिनॉलला हात लावत नाही. एप्रिलपासून एक रात्र सोडून एक लावते. रोज लावण्याचा हट्ट सोडला.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊला, त्याच खिडकीपाशी फोटो काढते. मार्चच्या फोटोत गाल गुळगुळीत दिसतात, रेषा मात्र जशाच्या तशा. फरक दिसला तो जूनमध्ये, दुसऱ्यांदा सुरू केल्यावर पाचव्या महिन्यात. चेहरा निवांत असताना दिसणाऱ्या बारीक रेषा पुसट झाल्यात. हसल्यावर पडतात त्या आजही पडतात, आणि नाकापासून ओठापर्यंतच्या घडीत काडीचा फरक नाही.

व्हिटॅमिन सीची दुसरी बाटली मात्र वाया गेली. मार्चमध्ये उघडून बाथरूमच्या फळीवर ठेवली. मेमध्ये पाहिलं तर आतलं पाणी कोऱ्या चहासारखं. हवा, उजेड आणि उकाड्याने ते असं बिघडतं. फिकट पिवळं असेल तर चालवते, तपकिरी झालं की टाकून देते. आता छोटी गडद बाटली घेते आणि फ्रीजच्या दारात, मुरांब्याशेजारी ठेवते.

फोटो बघून भाचीनेही रेटिनॉलचं नाव विचारलं. पण त्यांचं बाळाचं चाललंय, आणि गरोदरपणात किंवा त्याच्या तयारीत असताना रेटिनॉल नको असं डॉक्टर सांगतात. तिला फक्त व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीनचं नाव पाठवलं.