‘पीपीडी-मुक्त’ डाय की मेंदी-नीळ? ॲलर्जी निघालेल्यांसाठी

नऊ वर्षं मी दर महिन्याला काळा डाय लावायचो, कधी काही झालं नाही. दहाव्या वर्षी मामेभावाच्या लग्नाआधी शनिवारी रात्री लावला. रविवारी कानामागे थोडी खाज सुटली, ती घामोळ्याची असेल म्हणून सोडून दिली. सोमवारी सकाळी आरशात बघतो तर पापण्या सुजून डोळे जवळपास मिटलेले आणि केसांच्या कडेने कपाळावर पाणी झिरपतंय.

डॉक्टरांनी आधी डोकं भरपूर पाण्याने धुवायला लावलं, मग गोळ्या दिल्या. ही ॲलर्जी एक-दोन दिवस उशिराने उफाळते, म्हणून डायवर संशय जात नाही. वर्षानुवर्षं काही न होता शरीर एकदा ‘शिकलं’, की पुढे प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा जोरात येऊ शकते. दीड महिन्याने पाठीवर पॅच टेस्ट झाली. पट्ट्या दोन दिवसांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. डायला काळा रंग देणाऱ्या पॅरा-फेनिलीनडायमीनच्या, म्हणजे पीपीडीच्या, जागी लाल फोड आलेला होता.

मग प्रश्न उरला, आता काय लावायचं? दोन पर्याय मी स्वतः वापरून पाहिले.

पहिला, ‘पीपीडी-मुक्त’ डाय. रंग झकास, अर्ध्या तासात काम संपतं, केस काळेभोर. पण त्यात पीपीडीच्या जागी बहुतेक वेळा टोल्युइन-२,५-डायमीन असतं, त्याचाच चुलतभाऊ. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी अनेकांना त्याचंही वावडं असतं. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, तेही मी त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच केलं. नऊ महिने सगळं ठीक होतं. मग शेड बदलली आणि दुसऱ्या दिवशी कोपरात रुपयाएवढा लाल, खाजरा डाग उठला. डोक्यावर लावलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

खरं सांगतो, वैताग डागाचा नव्हता. वैताग होता दर वेळी डबा हातात घेऊन भिंगाने बारीक अक्षरं वाचण्याचा. ‘अमोनिया-मुक्त’ असं मोठ्या अक्षरात, त्याचा पीपीडीशी काही संबंध नाही. सलूनवाला म्हणतो, ‘काका, हर्बल आहे, बिनधास्त लावा.’ शेड बदलली की घटक बदलतात, आणि लग्नकार्याच्या तोंडावर पुन्हा ४८ तासांची धाकधूक. मी तिथेच कंटाळलो.

दुसरा पर्याय मेंदी आणि नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे. इथे सावधगिरीची एकच, पण मोठी गोष्ट: ‘काळी मेंदी’ नावाच्या पुडीत बऱ्याचदा पीपीडीच असतं. खरी मेंदी कधीच काळा रंग देत नाही, ती केशरी-लालच रंगते. पावडर हिरवट, वास गवताचा. कोपराच्या आत ठिपका ठेवून पाहिला तर सुरुवातीला फिकट केशरी दिसतो आणि दिवसभराने गडद होतो. अर्ध्या तासात काळाकुट्ट झाला तर पुडी टाकून द्या. या ठिपक्यालाही ४८ तास द्या, आणि नीळही अशीच तपासा.

मी नागपूरच्या इतवारी बाजारातून सुटी मेंदी घेत नाही. घटकांमध्ये फक्त लॉसोनिया इनर्मिस लिहिलेली पाकिटबंद घेतो. ५० ग्रॅम कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दोन तास लावतो आणि धुतो. आता डोकं संत्र्यासारखं होतं, आणि हे संत्र्यांचं गाव असल्याने कोणी ना कोणी बोलतंच. मग तेवढीच नीळपानाची पावडर कोमट पाण्यात कालवायची आणि पंधरा मिनिटांत लगेच लावायची. फार वेळ ठेवली तर तिचा रंग उतरतो. तासाभराने नुसत्या पाण्याने धुवून पुढचे दोन दिवस शॅम्पू बंद. पहिल्या दिवशी छटा जरा हिरवट दिसते, मग तपकिरी-काळी होते.

तोटे आहेतच. सगळा दिवस जातो, मे महिन्यात कूलरसमोर बसूनही मानेवरून ओघळ येतात, आणि डायसारखी काळी झाक मिळत नाही. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी एन्झाइम कमी आहे त्यांनी मेंदी लावू नये, रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो, लहान मुलांना तर जास्तच. तपासणीत तसं निघालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुम्हाला वेळ कमी असेल आणि पॅच टेस्टमध्ये टोल्युइन डायमीनला काही आलं नसेल, तर डायही चालेल कदाचित. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा. मी मेंदीकडेच वळलो. मिशीला मात्र नीळ धड बसत नव्हती, ती पांढरीच ठेवली.