कारचा विमा: तुलनेच्या साइटवरून घ्यायचा की थेट कंपनीकडून?

गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या गाडीचं इन्शुरन्स रिन्यू करायला बसलो. साइटवर ‘सर्वात कमी प्रीमियम’ असं सॉर्ट केलं, तर पहिली कंपनी १०,५२१ रुपयांची आणि तिसरी ११,७०१ रुपयांची. मेव्हणा म्हणाला, “पहिलीच घे की!” मी आधी दोन्हींचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बघितला. पहिलीचा ४ लाख ३० हजार, तिसरीचा ५ लाख २० हजार. म्हणजे ११८० रुपये वाचवायचे आणि गाडी चोरीला गेली तर ९० हजार कमी घ्यायचे. क्रमवारी खोटी नव्हती, पण दोन वेगळ्या वस्तूंची होती.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. मेव्हण्याची गाडी १२०० सीसीची, तिला सगळीकडे ३,४१६ रुपयेच. फरक पडतो तो ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि घसारा न कापणाऱ्या झीरो डेपसारख्या अ‍ॅड-ऑनमध्ये.

साइट आपल्याकडून काही घेत नाही. पॉलिसी विकली गेली की कंपनी तिला कमिशन देते. एप्रिल २०२३ पासून विमा नियामक आयआरडीएआयने प्रत्येक उत्पादनावरची कमिशनची वेगळी मर्यादा काढून टाकली. आता जनरल इन्शुरन्स कंपनीचा एकूण खर्च, कमिशन धरून, साधारण प्रीमियमच्या ३० टक्क्यांत बसला की झालं. त्या चौकटीत कोणाला किती द्यायचं हे कंपनी ठरवते, आणि तो आकडा आपल्या स्क्रीनवर येत नाही. म्हणून ‘टॉप’, ‘शिफारस’ असले बिल्ले बघून मी तरी निवड करत नाही. वेब अ‍ॅग्रिगेटरांना, म्हणजे तुलनेच्या साइटना, रँकिंग किंवा ‘बेस्टसेलर’ दाखवायला २०१७ च्या नियमांनी मनाईच होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पॉलिसीबझारला ५ कोटींचा दंड झाला, त्यातला एक मुद्दा काही योजना ‘टॉप’ म्हणून पुढे केल्याचा होता.

थेट कंपनीच्या साइटवर हा प्रश्न नाही, पण तिथे एकच दुकान, तुलना कशाशी करणार? एजंटलाही कमिशनच मिळतं. फरक इतकाच, की क्लेमच्या वेळी तो माणूस गॅरेजमध्ये येऊन उभा राहू शकतो. गावाकडे गाडी असेल तर मी त्यालाच झुकतं माप देईन.

शहरात असाल तर साइटचा उपयोग यादीपुरता करा. सगळ्यांना एकच आयडीव्ही टाका, अ‍ॅड-ऑन सारखे ठेवा, नो क्लेम बोनस बरोबर भरला आहे ना ते तपासा, मग सॉर्ट करा. आवडलेल्या दोन कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर हेच आकडे टाकून बघा. साइटशी करार नसलेली कंपनी यादीत येतच नाही, तेव्हा सध्याची कंपनी दिसत नसेल तर तिचा दर वेगळा काढा. मोबाइल नंबर मात्र जपून द्या, पुढचे आठ दिवस फोन येत राहतात.

मेव्हण्याने शेवटी तिसरीच घेतली, कंपनीच्या साइटवरून. तिथे दर जवळपास तेवढाच होता.